कांद्याच्या प्रबंधातली तीन वाक्ये

समजा, मराठीत विचार करणाऱ्या एका कृषी संशोधकाचा इंग्रजी मसुदा संपादकाच्या टेबलावर आला आहे. त्यात ही तीन वाक्ये आहेत: ‘वी हॅव स्टोअर्ड ओनियन्स इन 2021. क्वालिटी ऑफ ओनियन्स वेअर टेस्टेड एव्हरी मंथ. फ्यू बल्ब्स सर्व्हाइव्हड टिल ऑक्टोबर.’

अर्थ कळतो, पण चुकाही आहेत. त्या निष्काळजीपणाच्या नाहीत. बहुतेक थेट मराठीच्या घडणीतून आल्या आहेत.

पहिले वाक्य काळाचे. ‘आम्ही 2021 मध्ये कांदा साठवला आहे’ हे मराठीत सहज चालते. इंग्रजीत मात्र वर्ष, तारीख, ‘काल’ असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’चे रूप चालत नाही. म्हणून ‘वी स्टोअर्ड’. संपादकाने अशा वाक्यांत आधी कालदर्शक शब्द शोधावा, मग क्रियापद पाहावे. पण सगळा मसुदा सरसकट भूतकाळात ओढू नये: प्रयोग झाला तो भूतकाळात, तर ‘आकृती 2 दाखवते’ हे वर्तमानातच राहते.

दुसऱ्या वाक्यातली गंमत अधिक खोल आहे. ‘कांद्यांची प्रत घसरली’ म्हणताना कर्ता ‘प्रत’ क्रियापदाला खेटून उभा असतो. इंग्रजीत ‘क्वालिटी’ मागे राहते आणि क्रियापदाशेजारी ‘ओनियन्स’ हे अनेकवचन येते. लिहिणाऱ्याचा हात त्याच्याकडे वळतो आणि ‘वेअर’ पडते. ‘ऑफ’पासून सुरू होणारा तुकडा बोटाने झाकला, की ‘क्वालिटी वॉज’ हेच उरते. इंग्रजी मातृभाषा असलेलेही लांब वाक्यात इथे घसरतात.

आता आर्टिकल. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे कुठे काही राहिले हे लेखकाला जाणवत नाही. प्रत्येक नामाला विचारावे: मोजता येते का, एकवचनी आहे का, नेमके कोणते ते वाचकाला ठाऊक आहे का? पहिल्या वाक्यातले ‘ओनियन्स’ प्रथमच आले, अनेकवचनी आहेत, म्हणून मोकळे. दुसऱ्या वाक्यात तेच साठवलेले कांदे, म्हणून ‘द क्वालिटी ऑफ द ओनियन्स’. ‘रिसर्च’, ‘इक्विपमेंट’ हे शब्द मोजले जात नाहीत. त्यांना ‘अ’ लावायचा नाही आणि ‘एस’ही नाही.

तिसरे वाक्य सर्वांत धोक्याचे, कारण ते व्याकरणाने शुद्ध आहे. ‘फ्यू बल्ब्स’ म्हणजे फारसे कांदे टिकले नाहीत. ‘अ फ्यू बल्ब्स’ म्हणजे काही टिकले. एका ‘अ’ने निष्कर्षाचा रोख बदलतो. मराठी लेखकाला यातले नेमके काय म्हणायचे होते, हे संपादकाने अंदाजाने ठरवू नये. समासात दोन्ही अर्थ लिहून लेखकाला विचारावे, आणि तक्त्यात किती कांदे टिकले तो आकडाही पाहून घ्यावा.