मावशींचे आठ तास

पुण्यात कोथरूडमधलं एक घर डोळ्यांपुढे आणा. 78 वर्षांच्या आजींना पक्षाघात होऊन डावी बाजू लुळी पडली आहे. मुलगा-सून नोकरीला जातात. ब्युरोला फोन करताच दुसऱ्या दिवशी एक मावशी हजर. बाई कष्टाळू असते, पण आजींना उठवताना ती लुळा हात धरून ओढते. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू सैल पडतात, अशा ओढण्याने सांधा निखळू शकतो. मावशींना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

घरपोच शुश्रूषेची सेवा नव्याने उभारणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. निदान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण हवं आणि ते कॉटवर, हातांनी करून घेतलेलं हवं. आजींना भरवायचं ते ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगून. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घास गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरता आला तर भरवणं तिथेच थांबवायचं, कारण अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची आणि प्रत्येक वेळी टाचा, माकडहाड, खुबे पाहायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. दाबल्यावर फिका होऊन परत लाल झाला, तर अजून वेळ आहे. लालच राहिला, तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असं समजून त्याच दिवशी नर्सला कळवायचं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे गरमपणा आणि कडकपणा हाताला लागतो का, ते पाहावं लागतं.

इंजेक्शन देणं, नाकातून नळी घालणं, लघवीची नळी बदलणं ही मावशींची कामं नव्हेत. ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या नर्सची. कित्येक ब्युरो मात्र दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणूनच पाठवतात. घरच्यांनी नोंदणी क्रमांक मागावा.

आता पैशांचं. बारा तासांची ड्यूटी ही बाजाराची रीत. पण आठ तासांनंतर माणूस दोन तासांची कूस विसरतो, म्हणून मी आठ तास धरते. समजा, घराकडून रोजचे 850 रुपये, म्हणजे महिन्याचे 25,500 घेतले. मावशींना 26 दिवसांचे 600 रुपयांप्रमाणे 15,600. सुट्टीच्या चार दिवसांच्या बदलीला 650 प्रमाणे 2,600. राज्य कामगार विमा आणि भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा सुमारे 2,450. नर्सच्या महिन्यातून दोन भेटी, 1,000. उरले 3,850. त्यातून कार्यालय, फोन घेणारी व्यक्ती, कर आणि प्रशिक्षण.

प्रशिक्षणाच्या पंधरा दिवसांत रोज 400 रुपये दिले, तर एका मावशीमागे 6,000 खर्च होतात. ती तीन महिन्यांत सोडून गेली तर महिन्याला 2,000 त्यातच जातात. दोन वर्षं टिकली तर 250. पगारात काटकसर करणारी सेवा म्हणूनच स्वस्त पडत नाही. ब्युरोकडून दर मिळाला की मी पहिला प्रश्न हाच विचारीन: यातले मावशींच्या हातात किती पडतात?

विश्वासासाठी पोलीस पडताळणी हवीच. पण तिच्यातून गुन्ह्यांची नोंद कळते, कामाची नाही. काम कळतं डायरीतून. कूस, लघवी, जेवण, औषध, प्रत्येकापुढे वेळ. आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, बरोबर 10, 12, 2 अशा वेळांच्या दिसल्या तर त्या संध्याकाळी बसून भरल्या आहेत. अशा वेळी नर्सने न कळवता यावं, टाच दाबून पाहावी. दागिने पहिल्याच दिवशी कुलपात ठेवून कुटुंबाने आणि मावशींनी एका यादीवर सह्या कराव्यात. उद्या वस्तू सापडली नाही तर निष्पाप बाईवर बोट रोखलं जात नाही. तिच्या सुरक्षिततेचंही तितकंच: जेवायची वेळ, स्वच्छतागृह, आणि घरातल्या कुणी त्रास दिला तर तिला तिथून लगेच काढून घेण्याचं वचन.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. शुश्रूषागृह नोंदणीचा 1949 चा कायदा रुग्णालयाच्या जागेला लागू होतो, आजींच्या खोलीला नाही. ज्येष्ठांच्या घरपोच सेवेची नोंदणी सुचवणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्या लोकसभेची मुदत संपली तरी मंजूर झालं नाही. त्यामुळे कराराचा कागदच नियमाचं काम करतो. त्यात मावशी काय करणार नाहीत, नर्स कधी येणार, बदली किती तासांत मिळणार आणि आजींना रात्री दोन वाजता धाप लागली तर फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर लिहिलेला असावा.