ढेरे १९८४ की २०११?

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. इथला एखादा विद्यार्थी विठ्ठलावर प्रबंध लिहू लागला, की संदर्भसूचीत हमखास दिसतात गुंथर सोन्थायमर, १९८९. त्यांचं धनगरांच्या दैवतांवरचं काम मोठंच आहे, प्रश्न त्यांचा नाही. विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधणारे रा. चिं. ढेरे सूचीत येतात ते मात्र ‘२०११’ म्हणून.

२०११ हे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचं साल. मूळ ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४चं. नुसती सालं पाहिली तर वाटतं, ढेऱ्यांनी सोन्थायमरांनंतर बावीस वर्षांनी लिहिलं. पण १९८९ हेही इंग्रजी अनुवादाचंच साल, मूळ जर्मन ग्रंथ १९७६चा. म्हणजे खरं अंतर आठ वर्षांचं. कोणी आधी काय म्हटलं, हे ठरवताना एवढा फरक पुरेसा असतो.

उपाय सोपा. ‘ढेरे २०११ (मूळ मराठी १९८४)’ असं लिहावं, अनुवादकाचंही नाव द्यावं आणि पृष्ठांक आपण वाचलेल्या आवृत्तीचाच द्यावा. इंग्रजी वाचून मराठी पुस्तकाचा पृष्ठांक टाकणं ही लबाडीच. दुसऱ्याच्या तळटिपेतून ढेरे भेटले असतील, तर तेही सांगावं.

नावाचंही पाहावं. ‘रा. चिं. ढेरे’ आणि ‘रामचंद्र चिंतामण ढेरे’ अशा दोन नोंदी झाल्या, की यादीत एकाच माणसाची दोन माणसं होतात.