पीटीच्या तासाला रांग नको: चाळीस मुलांचा दहा मिनिटांचा वॉर्मअप

बेळगाव असो, निपाणी असो की पलीकडचं चंदगड, बहुतेक मराठी शाळांत पीटीच्या तासाची सुरुवात सारखीच होते. शिट्टी वाजते, मुलं दोन रांगांत उभी राहतात आणि एकेक जण पुढच्या खुणेपर्यंत पळून परत येतो. शिस्त दिसते, पण शरीर तापत नाही.

साधा हिशोब करा. वर्गात ४० मुलं, म्हणजे एका रांगेत २०. एकाला जाऊन यायला १० सेकंद लागतात. मग प्रत्येकाचा नंबर २०० सेकंदांनी येतो. दहा मिनिटांच्या वॉर्मअपमध्ये एक मूल पळतं जेमतेम ३० सेकंद, बाकी वेळ उभं! त्यानंतर लगेच खो-खो लावला, तर थंड पायांनी एकदम पळावं आणि वळावं लागतं.

शिवाय खो-खोत थांबणं आलंच. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात, बाकीचे बाहेर वाट बघतात. म्हणून आधीची दहा मिनिटं तरी सगळ्यांची हवीत.

आधी चौकोन आखा

फक्कीने २० मीटर बाय २० मीटरचा चौकोन आखा. खडे, काचा आधीच वेचून घ्या. पुढचं सगळं याच चौकोनात करायचं, म्हणजे जागा बदलण्यात वेळ जात नाही.

पहिली तीन मिनिटं: विष-अमृत

हा खेळ मुलांना शिकवावा लागत नाही. पाच जणांच्या हातात रुमाल द्या, त्यांच्यावर राज्य. ज्याला ‘विष’ मिळालं तो थांबतो, दुसऱ्याने ‘अमृत’ दिलं की सुटतो. इथे एक बदल करा. विष मिळालेल्याने पुतळा व्हायचं नाही, जागच्या जागी पळत राहायचं. ‘आऊट’ होऊन बाहेर बसणं तर नाहीच, कारण सगळ्यात आधी आऊट होतं ते हळू पळणारं मूल. म्हणजे ज्याला सरावाची जास्त गरज, तेच बसून राहतं.

पहिली फेरी भरभर चालत, नंतर पळत. दर ४५ सेकंदांनी रुमाल दुसऱ्यांकडे द्या. खांद्याच्या खालीच शिवायचं, ढकलायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

पुढची तीन मिनिटं: चालता चालता सांधे मोकळे

मुलं चौकोनातच हवं तिकडे चालत राहतील. सर सांगतील तसं गुडघे वर, टाचा मागे, हात गोल. मग लंगडी, प्रत्येक पायावर आठ उड्या. एका जागी उभं राहून पाय बराच वेळ ताणून धरण्याचे प्रकार तासाच्या शेवटी ठेवा. त्याने शरीर तापत नाही.

शेवटची चार मिनिटं: जोडीचा खो

आता २० जोड्या करा. दहा-दहा जोड्यांच्या दोन ओळी चौकोनाच्या मधोमध, एकमेकींकडे पाठ करून, मध्ये चार मीटर जागा सोडून. शेजारच्या जोडीत दोन मीटर अंतर.

प्रत्येक जोडीत एक जण खो-खोच्या बैठकीत बसतो, दुसरा त्याच्या मागे उभा. मागच्याने पाठीला हात लावून ‘खो’ म्हटलं की बसलेला उठून समोर पाच मीटर पळतो, वळतो आणि परत येतो. तोवर खो देणारा त्याच्या जागी बसलेला असतो. परत आलेला त्याला खो देतो. उठणं, सुटणं, वळणं, बसणं, खो-खोत लागतं ते सगळं यात येतं आणि कुणालाही काही सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. मुलं विषम असली तर एक त्रिकूट करा. मिनिटभर सावकाश, मग वेग वाढवा.

शेवटी जोडीतला एक या संघात, दुसरा त्या संघात. संघ पाडायला वेगळी रांग लागत नाही.

जमतंय की नाही, कसं ओळखायचं?

मध्येच दहा सेकंद नुसतं बघा आणि उभी असलेली मुलं मोजा. चार-पाचपेक्षा जास्त दिसली, तर रुमाल कमी पडतायत किंवा सरांचं बोलणं लांबतंय. सूचना अर्ध्या मिनिटात संपवा. मुलांचा श्वास वाढलेला असावा, पण वाक्य बोलता आलं पाहिजे. गुडघ्यावर हात टेकून वाकलेली दिसली, तर जास्त झालं, चालायला लावा.

दम्याचा त्रास असलेल्या मुलाला सुरुवात आणखी सावकाश द्या, आणि त्याचा पंप दप्तरात नको, ग्राउंडवर जवळ हवा. अंगण लहान असेल तर पळण्याऐवजी भरभर चालणं ठेवा, नाहीतर डोकी आपटतात. साठ मुलं असतील तर एकाच चौकोनात कोंबू नका, शेजारी दुसरा आखा.