ताळा पाहणाऱ्याचं कव्हर लेटर

चौदा वर्षं अकाउंट्समध्ये काढलेला माणूस डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याचं कव्हर लेटर साधारण ठरलेलं असतं. मी मेहनती आहे, आकड्यांची आवड आहे, टॅली आणि एक्सेल उत्तम येतं, नुकताच पॉवर बीआयचा कोर्स केला आहे. यातलं काहीच खोटं नसतं. पण नुकता पदवी घेतलेला मुलगाही हेच लिहितो, त्यामुळे चौदा वर्षांचा उपयोग काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ते कळवायचं तर गुणांची यादी बाजूला ठेवून एकच काम नीट सांगावं लागतं.

असं काम बहुतेक अकाउंटंटच्या टेबलावर दर महिन्याला येतं. पुण्यातल्या एखाद्या पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. महिन्याला खरेदीची १,४०० बिलं. पुरवठादारांनी सरकारकडे दाखवलेली बिलं १४ तारखेला जीएसटीआर-२बी या विवरणात दिसतात. १ जानेवारी २०२२पासून तिथे न दिसणाऱ्या बिलावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून आपलं खरेदी रजिस्टर आणि ते विवरण बिलागणिक जुळवावं लागतं.

पहिल्या फेरीत समजा २१० बिलं जुळत नाहीत. बरीचशी फक्त लिहिण्याच्या पद्धतीमुळे: आपल्याकडे ‘४५’, तिकडे ‘०४५/२३-२४’. तिरक्या रेघा, वर्ष आणि पुढची शून्यं काढली की ६० उरतात. त्यातली ३८ तिमाही विवरण भरणाऱ्या छोट्या पुरवठादारांची निघतात. ती बुडालेली नाहीत, उशिरा दिसतील. खरा पाठपुरावा राहतो २२ बिलांचा.

विश्लेषणाच्या भाषेत हे डेटा साफ करणं, दोन तक्ते जोडणं आणि न जुळलेल्यांची कारणांनुसार वर्गवारी करणं झालं. अकाउंटंट हे वर्षानुवर्षं करतो, फक्त त्याला ‘रिको’ म्हणतो.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पत्रात क्वचितच येते. एका बिलात दोन दरांचा माल असेल, तर रजिस्टरमध्ये त्याच्या दोन ओळी पडतात. विवरणातही दोनच असल्या आणि केवळ बिल नंबरावर तक्ते जोडले, तर दोनाच्या चार ओळी होतात आणि रक्कम दुप्पट दिसते. एसक्यूएल याबद्दल कुठलीही चूक दाखवत नाही. चुकीचा आकडा सुबक आलेखात जाऊन बसतो. नवख्याला हे सुटतं. अकाउंटंट आधी एकूण बेरीज लेजरशी ताडून पाहतो, म्हणून त्याला लगेच खटकतं. ही ताळा पाहण्याची सवय कोर्समध्ये सहज अंगवळणी पडत नाही. पत्राचा कणा तीच असावी.

पत्र बहुधा इंग्रजीतच जाईल, पण मधला परिच्छेद या अंगाने हवा:

“दरमहा सुमारे १,४०० खरेदी बिलं कर-विवरणाशी जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे. बिल नंबर एकसारखे करण्याच्या पायऱ्या मी पॉवर क्वेरीत बसवल्या. तीन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आलं. ‘अ/४५’ आणि ‘ब/४५’ ही वेगळी बिलं एक होऊ नयेत म्हणून जीएसटी क्रमांक आणि रक्कमही ताडली जाते. प्रत्येक जोडणीनंतर बेरीज लेजरशी मिळाल्याशिवाय अहवाल पुढे जात नाही. वर्षभराची न जुळलेली बिलं एकत्र पाहिल्यावर तेच ते मोजके पुरवठादार पुन्हा पुन्हा दिसले. त्यांची कराची रक्कम बिल विवरणात दिसेपर्यंत रोखून धरण्याचा निर्णय त्यावरून झाला.”

शेवटचं वाक्य गाळू नये. हिशेब जुळला की अकाउंटंटचं काम संपतं. विश्लेषकाला त्यातून पुढे काय करायचं तेही सांगावं लागतं.

उणीवही एका वाक्यात सांगून टाकावी. लेजर पैशापर्यंत जुळतं, पण ग्राहकांच्या वागण्याचा डेटा अर्धवट असतो आणि तिथे अंदाजावर, किती चूक चालेल ते ठरवून, उत्तर द्यावं लागतं. एसक्यूएल सहा महिन्यांपासून शिकत असाल तर तसंच लिहा. ‘निष्णात’ लिहिलंत, तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो: जोडल्यावर ओळी वाढल्या, का? तिथे अडखळलात की उरलेलं पत्रही संशयास्पद होतं.

आणखी एक पथ्य: पुरवठादारांची नावं, खरे दर आणि मालकाची उलाढाल पत्रात किंवा नमुना फाइलमध्ये येऊ देऊ नये. गोपनीयता न पाळणाऱ्याच्या हाती कुणी डेटा देत नाही. बनावट नोंदींची छोटी फाइल करून तीवर हीच जुळणी करावी आणि पत्रासोबत जोडावी. पत्र एका पानात संपावं आणि फाइलच्या पहिल्याच पानावर तीन आकडे असावेत: एकूण, जुळलेले, न जुळलेले. पहिला आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका आहे, हे वाचणाऱ्याला स्वतः पाहता आलं पाहिजे.