दोन लाल, दोन हिरवे

पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या आणि डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी हाताला लागली, की डॉक्टरांना सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. ती खरी की खोटी, हे गुणसूत्रं सांगतात. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र आढळलं. ते खुजं का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी उलगडलं: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जुळलेले असतात. या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआरला चिकटतं आणि त्या जोडजनुकाचं प्रथिन पेशीला सतत वाढत राहण्याचा हुकूम देतं.

ही अदलाबदल थेट दाखवणारी चाचणी म्हणजे ‘फिश’. त्यात प्रोब वापरतात. प्रोब म्हणजे जनुकाशी तंतोतंत जुळणारे, चमकणारा रंग लावलेले डीएनएचे तुकडे. सीएमएलसाठी एबीएलचा प्रोब लाल आणि बीसीआरचा हिरवा असतो. पेशी आधी सौम्य क्षारद्रावणात फुगवून मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करतात, मग त्यांचे थेंब काचपट्टीवर सोडतात. ७०-७५ अंशांपर्यंत तापवलं की पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे सुटतात, प्रोबचेही सुटतात. नंतर पट्टी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली, की प्रोब आपल्या जोडीदार धाग्याला जाऊन चिकटतो. सैल चिकटलेले तुकडे धुऊन टाकायचे, केंद्रकाला निळा रंग द्यायचा आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे. पेशी विभागत असण्याची गरज नसते, म्हणून सहज दोनशे केंद्रकं तपासता येतात.

निरोगी पेशीत प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते, म्हणून दोन लाल आणि दोन हिरवे ठिपके दिसतात. सीएमएलमध्ये एक ९ आणि एक २२ शाबूत राहतात. त्यांचा एक लाल, एक हिरवा. तुटलेल्या जोडीत मात्र प्रोबही मधोमध दुभंगतो. लाल-हिरवे अर्धे तुकडे बदललेल्या २२ वर एकत्र येतात, तसेच बदललेल्या ९ वरही. दोन्ही ठिकाणी रंग मिसळून पिवळसर ठिपका उमटतो. एक लाल, एक हिरवा, दोन पिवळे: ही अदलाबदलीची खूण.

आता समजा, एका रुग्णाच्या २०० केंद्रकांपैकी १७० मध्ये एक लाल, एक हिरवा आणि एकच पिवळा ठिपका दिसला. दुसरा पिवळा कुठे गेला? अदलाबदल होताना बदललेल्या ९ वरचा, सांध्यालगतचा डीएनए कधी कधी गळून पडतो. ही झाली तूट, आणि ती सीएमएलच्या दहा-पंधरा टक्के रुग्णांत आढळते. पण फसगतीची जागाही हीच आहे. केंद्रक गोल असतं आणि आपण ते चपटं करून पाहतो. निरोगी पेशीतही एक लाल आणि एक हिरवा योगायोगाने एकावर एक दिसले, तर चित्र हुबेहूब असंच होतं. म्हणून प्रयोगशाळा आधी निरोगी लोकांचे नमुने मोजून अशा योगायोगाची मर्यादा ठरवते. ती काही टक्क्यांची असते. १७० पेशी तिच्या कितीतरी पलीकडे आहेत. तरीही संशय उरला, तर विभागणाऱ्या पेशीत प्रत्येक ठिपका कोणत्या गुणसूत्रावर आहे ते पाहतात.

काही महिन्यांनी याच रुग्णात पिवळे ठिपके एकाचे दोन झाले, तर अर्थ वेगळा: खुज्या गुणसूत्राची जादा प्रत तयार झाली आहे. आजार उग्र टप्प्याकडे सरकताना असं घडू शकतं. लक्षात घ्या, आता हे चित्र नेहमीच्या सीएमएलसारखंच दिसतं. आधीचा अहवाल समोर नसेल, तर ही वाढ नजरेतून सुटेल.

फिश फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. प्रोब काही लाख अक्षरांवर पसरलेला असतो, त्यामुळे इमॅटिनिबला दाद न देणारा एका अक्षराचा बदल त्याला दिसत नाही. उपचारांनी रोगपेशी हजारात एक इतक्या उरल्या, तर दोनशे केंद्रकांत ती एक सापडणं कठीण; तिथे पीसीआर लागते. आणि इतर गुणसूत्रांवर काय चाललंय, हे या दोन रंगांना ठाऊकच नसतं. म्हणून अहवालात ‘फिश निगेटिव्ह’ लिहिलेलं असेल, तर कोणत्या प्रोबने पाहिलं होतं, ती ओळ आधी वाचावी.