बाळाला अंगावर पाजताय? मग गोळी नेमकी कधी घ्यायची?

दाढ काढलीये, ठणका लागलाय, डॉक्टरांनी गोळी दिलीये आणि कुशीत चार महिन्यांचं बाळ आहे. अशा वेळी घरातून दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणजे "गोळी घेऊच नकोस, सहन कर". दुसरा म्हणजे "गोळी घेतलीस तर ते दूध काढून फेकून दे". बहुतेक वेळा या दोन्हीची गरज नसते. का, ते पाहू.

औषध दुधात कसं जातं?

गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून थोडं औषध दुधात उतरतं. पण हा रस्ता दुहेरी असतो. रक्तातलं औषध कमी होऊ लागलं की दुधातलं औषधही परत रक्तात जातं. त्यामुळे आईच्या रक्तात औषध कमी झालं की साधारणपणे दुधातही कमी होतं. दूध काढून फेकल्याने शरीरातलं औषध लवकर संपत नाही. स्तन भरून दुखायला लागले तर आराम मिळावा म्हणून दूध काढायला हरकत नाही, एवढंच.

मग वेळेचं गणित काय?

इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. गोळी घेतल्यावर रक्तात औषध सर्वात जास्त कधी असतं आणि ते निम्मं व्हायला किती वेळ लागतो. या निम्मं होण्याच्या वेळेला 'हाफ-लाइफ' म्हणतात.

आयब्युप्रोफेनचं उदाहरण घेऊ. साधी गोळी घेतल्यावर एक ते दोन तासांत रक्तातलं प्रमाण सर्वात जास्त होतं आणि पुढे दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. समजा, आईने जेवण केलं, रात्री ९ वाजता बाळाला पाजलं आणि लगेच गोळी घेतली. ११ च्या सुमारास प्रमाण सर्वात जास्त असेल, पण तेव्हा बाळ झोपलेलं आहे. १ वाजता ते निम्मं होईल, ३ वाजता पाव. बाळ २ वाजता उठलं, तर सर्वात जास्त प्रमाणाची वेळ कधीच मागे पडलेली असते.

म्हणून नियम सोपा आहे: आधी पाजा, मग लगेच गोळी घ्या. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल, तर बाळाच्या सर्वात लांब झोपेच्या आधीचं पाजणं झाल्यावर ती घेणं बरं.

खरं तर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दुधात इतकं कमी उतरतं की नेहमीच्या डोसला घड्याळ पाहिलं नाही तरी चालतं. बाळ मध्येच भुकेने रडलं, तर "अजून वेळ झाली नाही" म्हणून त्याला ताटकळत ठेवू नका.

वेळ कुठे कामी येत नाही?

आता सर्दीची गोळी घ्या. अशा अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. त्याची हाफ-लाइफ २० तासांच्या आसपास असते. ९ वाजता घेतलेल्या गोळीतलं हे औषध २ वाजता जवळपास तेवढंच असतं. म्हणजे इथे वेळ साधून फायदा नाही. उलट त्याने आई आणि बाळ, दोघांनाही गुंगी येऊ शकते. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने तर दूधच कमी होऊ शकतं. एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणून सर्दीची गोळी मनाने घेऊ नका.

गोळीच्या नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असेल, तर ती औषध हळूहळू सोडते. तिलाही वरचं गणित लागू पडत नाही. नुकतंच जन्मलेलं बाळ दर दोन-तीन तासांनी पितं, त्यामुळे तिथे मोठं अंतर मिळतच नाही. शिवाय त्याचं यकृत आणि मूत्रपिंड अजून कच्चं असतं. बाळ महिना-दोन महिन्यांचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काही औषधांत वेळ सांभाळणं हा उपायच नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं स्तनपान करताना घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला. कॅन्सरची केमोथेरपी आणि किरणोत्सारी आयोडीन यांच्या बाबतीत तर डॉक्टरांशी आधीच स्वतंत्रपणे बोलावं लागतं.

बाळाकडे काय पाहायचं?

बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, पाजायला उठवलं तरी उठत नाही, ओढून पीत नाही, अंग ढिलं पडलंय किंवा श्वास संथ झालाय, असं दिसलं तर थांबू नका. गोळीची स्ट्रिप सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

आणि चालू असलेलं थायरॉईड, फिट्स किंवा रक्तदाबाचं औषध "बाळासाठी" स्वतःहून बंद करू नका. दाताच्या, त्वचेच्या, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच असू द्या: "मी बाळाला अंगावर पाजते." यातल्या बऱ्याच आजारांवर चालणारी औषधं असतात, पण ती निवडायला डॉक्टरांना हे माहीत असायला हवं.