पाळी जाताना दुखू लागलेले सांधे

जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला आणि गडचिरोलीचं नाव जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचलं. जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांतल्या ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे खेड्यातल्या बाईला आजार असतात, ती ते अंगावर काढते, हे त्या लेखानं पुराव्यानिशी मांडलं. पण तो अभ्यास स्त्रीरोगांचा होता. त्याच बायका पंचेचाळिशी ओलांडल्यावर गुडघा, खांदा, बोटं दुखतात म्हणून कण्हतात, त्या दुखण्याची दखल घ्यायला वैद्यकालाही फार उशीर लागला.

उशीर लागला तो माहिती नव्हती म्हणून नव्हे. १९२५ मध्येच न्यूयॉर्कच्या सेसिल आणि आर्चर या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पाळी जाण्याच्या वयातल्या सांधेदुखीवर लेख लिहिला होता. पुढे संधिवाताचे प्रकार रक्ततपासणीनं आणि क्ष-किरणानं ओळखता येऊ लागले. ज्या बाईचे रिपोर्ट चांगले, तिचं दुखणं मग 'वयाचं', 'वाताचं' किंवा 'मनाचं' ठरू लागलं. स्तनाच्या कर्करोगात शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणणारी औषधं वापरात आली, तेव्हा ती घेणाऱ्या अनेक जणींचे सांधे आखडू लागले आणि या संप्रेरकाचा सांध्यांशी असलेला संबंध पुन्हा समोर आला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. व्होंडा राइट आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या दुखण्याला एकत्र नाव सुचवलं. त्यांच्या मांडणीप्रमाणे सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रियांना या काळात स्नायू-सांध्यांचा त्रास होतो आणि साधारण एक चतुर्थांश स्त्रियांचं काम त्यामुळे अडतं.

कारण असं, की इस्ट्रोजेन फक्त गर्भाशयासाठी नसतं. सांध्याचं अस्तर, कूर्चा, स्नायू, हाड, सगळीकडे त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. ते कमी-जास्त होत उतरू लागलं की सांध्यातली सूज सहज भडकते आणि स्नायू झिजू लागतात. त्यातच रात्री घामानं जाग येते, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेत तेच दुखणं दुप्पट वाटतं. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस धरतात. पाश्चात्त्य देशांत ते एक्कावन्नच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे हा त्रास बाई पूर्ण कामात असतानाच गाठतो.

गडचिरोलीतल्या एटापल्लीत काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून वाकून मोहफुलं वेचणं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणं, मग उकिडवं बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं. पावसाळ्यात चिखलात कंबरेत वाकून धानाची रोवणी. वर्षभर पाणी आणि सरपण डोक्यावर. या कष्टानं सांधे झिजतात हे खरंच. पण तीस वर्षं हेच काम न कुरकुरता केलेली बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सहा महिन्यांत एकदम आखडते, तेव्हा नुसत्या कामाला दोष देऊन भागत नाही.

अशा एका बाईचं वर्ष डोळ्यांसमोर आणू. ही कोणी एक व्यक्ती नव्हे; या भागात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभं केलेलं हे उदाहरण आहे. वय ४८. वर्षभरापासून पाळी मागे-पुढे होते आणि येते तेव्हा फार जाते. रात्री घाम. सकाळी बोटं आखडतात, दहा-पंधरा मिनिटांत मोकळी होतात. उकिडवं बसून उठताना दोन्ही गुडघे दुखतात, उजवा खांदा मागे वळत नाही. तेंदूच्या हंगामात आठवडी बाजाराच्या दिवशी तिनं एक 'ताकदीचं' इंजेक्शन घेतलं. दोन दिवस उडत होती, मग पुन्हा तेच, मग पुन्हा इंजेक्शन.

या इंजेक्शनांत बहुतेक वेळा स्टेरॉइड आणि दुखणं मारणारं औषध असतं. आराम खरा पडतो, म्हणूनच ते धोक्याचं. वारंवार घेतलं तर साखर आणि रक्तदाब वाढतो, चेहरा सुजतो आणि हाडं ठिसूळ होतात. इस्ट्रोजेन उतरल्यामुळे हाड आधीच विरळ होत असताना वरून हा मार. शिवाय सूज दबल्यामुळे खरा संधिवात असला तरी तपासणीत तो लपतो. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती हीच, की कोणती इंजेक्शनं, किती आणि कधी घेतली.

ग्रामीण रुग्णालयात अशा बाईला आधी काय विचारावं, यावर निम्मं निदान ठरतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो की तासभर राहतो? बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटं दोन्ही हातांना सुजतात का? चारही बोटांची मुळं आडवी दाबल्यावर ती कळवळते का? तास-तासभर आखडणारे, हाताला मऊ सूज लागणारे सांधे असतील तर तो आमवात असू शकतो आणि त्याला लवकर औषध लागतं. वाट पाहिली तर बोटं वाकडी होतात. एकच सांधा लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुखणं तापानं एकाएकी सुरू झालं असेल तर चिकुनगुनिया आठवायचा. त्यात सांधे महिनोन् महिने धरलेले राहतात. आपल्या बाईला यातलं काहीच नव्हतं.

मग रक्त. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, ईएसआर किंवा सीआरपी, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि आमवाताची चाचणी, एवढं सुरुवातीला पुरतं. थायरॉइड मंदावलं तर अंग आखडतं, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांचा खांदा जास्त गोठतो, म्हणून या दोन तपासण्या टाळू नयेत. पाळी जाते आहे हे सिद्ध करायला संप्रेरकांच्या महागड्या चाचण्या मात्र पंचेचाळिशीनंतर सहसा लागत नाहीत. बदललेली पाळी आणि घाम पुरेसं सांगतात. या बाईचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं, ईएसआर थोडा वाढलेला, बाकी ठीक. ईएसआर पाहून घाबरायचं नाही, कारण रक्त कमी असलं की तो तसाही चढतो.

खरी अडचण पुढे येते, आणि ती या जंगलपट्ट्यातली आहे. इथे सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात तपासणीचं वय ठरलं शून्य ते चाळीस. पुढच्या पिढीत आजार जाऊ नये या हेतूला ते धरून आहे. पण त्या वर्षी पंचेचाळिशीत असलेली बाई त्या मोजणीबाहेर राहिली. सिकलसेलचा आजार सौम्य असलेल्या काही जणी निदानाशिवाय या वयापर्यंत येतात. हाडाचा रक्तपुरवठा तुटून त्यांच्या खुब्याचा गोळा खचू शकतो. ते दुखणं जांघेत असतं, बाई लंगडते, पाय आत वळत नाही, आणि सुरुवातीचा क्ष-किरण चांगलाही येऊ शकतो. त्यावर 'पाळी जातेय, होणारच' असा शिक्का बसला तर खुबा हातचा जातो.

याच्या उलट चूकही तेवढीच होते. गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, की 'सिकल आहे, म्हणून सांधे दुखतात' असं ठरतं आणि पुढचा तपास थांबतो. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. वाहक असणं हे अशा सांधेदुखीचं कारण समजू नये. आपल्या उदाहरणातली बाई वाहक निघाली, म्हणजे तिच्या गुडघ्यांचं कारण दुसरीकडेच शोधायचं होतं. कमी रक्ताचं कारण जास्त जाणारी पाळी असावी. तिला लोहाच्या गोळ्या लागल्या, आणि एवढं का जातं हे पाहायला सोनोग्राफीही. जास्त जाणं 'जाता जाता होतंच' म्हणून सोडायचं नसतं. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी डाग पडला तरी तपासून घ्यायचंच.

हे सगळं झाल्यावर मगच म्हणायचं, की हे दुखणं पाळी जाण्याच्या काळातलं आहे.

उपायांत सर्वांत जास्त उपयोग होतो तो स्नायूंना ताकद देण्याचा, आणि नेमका तोच सल्ला विचित्र वाटतो. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? कारण रोवणीत पाठ आणि गुडघे तासन् तास एकाच अवस्थेत ताणलेले राहतात. मांडीच्या पुढच्या स्नायूला हळूहळू वाढत जाणारा भार त्यात मिळत नाही. खाटेच्या काठावर बसायचं, हात न टेकता सावकाश उठायचं, सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तितकंच, आठवड्यातून तीन दिवस. भिंतीला तळहात लावून पुढे झुकायचं आणि स्वतःला मागे ढकलायचं, तेही तितकंच. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलं दुखणं उतरलं नाही तर पुढच्या वेळी कमी करायचं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलं तर उपाय फसला असं वाटेल. पुडे बांधताना उकिडवं न बसता पाटावर किंवा ठेंगण्या स्टुलावर बसलं तर गुडघ्याचा ताण त्याच दिवशी कमी होतो.

दुखणं जास्त असेल त्या दिवसांत पॅरासिटामॉल घ्यावं, गुडघ्यांना आणि बोटांना डायक्लोफेनॅकचं मलम लावावं. त्याच जातीच्या गोळ्या रोज पोटात घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्ही धोक्यात येतात, आणि ज्या बाईचं रक्त आधीच कमी आहे तिच्या जठरातून ते आणखी झिरपू शकतं.

संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल शहरातल्या मैत्रिणी, मुली विचारतात. त्या घाम आणि झोपमोड यांवर चांगल्या चालतात. सांध्यांवर परिणाम आहे, पण छोटा. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना वर्षभर इस्ट्रोजेन दिल्यावर शंभरातल्या ७६ जणींना सांधेदुखी होती; नुसती साखरगोळी घेतलेल्यांत ७९ जणींना. एवढ्यासाठी, फक्त गुडघ्यांसाठी, या गोळ्या सुरू कराव्यात असं मला वाटत नाही. घामानं झोप उडालेली असेल, वय साठच्या आत असेल, स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलायला हरकत नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं घ्यायचं नसतं, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच.

एक मागणी आरोग्यखात्याकडे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगल तालुक्यांत चाळिशीपुढची बाई सांधेदुखीसाठी आली, तर सिकलसेलच्या तपासणीत वयाची अट आड येऊ देऊ नका. आणि आईला किंवा सासूला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्यांनी घेतलेल्या इंजेक्शनांची माहिती आणि तिच्या मुलांची सिकलसेल कार्डं सोबत न्यावीत. मूल वाहक असेल तर आई-वडलांपैकी निदान एकात तो दोष असतो, आणि मूल रुग्ण असेल तर बहुतेक वेळा दोघांतही.